मदत हवी आहे: एमजीएफने बेरीज काढली, मीन बरोबर येतोय पण व्हेरियन्स गंडतोय

टीवायला स्टॅट्स आहे, परवा पेपर, आणि लोकलमध्ये उभ्याउभ्या एक गणित सोडवताना डोकं आउट झालंय. घाटकोपरच्या एका वडापावच्या गाडीवर दर मिनिटाला येणारी गिऱ्हाईकं X, पॉयसन, मीन 3, असं धरलंय. एमजीएफ `M(t) = exp(3(e^t - 1))`. एकदा डेरिव्हेटिव्ह घेऊन t = 0 टाकलं की 3, दुसऱ्यांदा घेतलं की 12, मग 12 - 9 = 3, म्हणजे व्हेरियन्सपण 3. इथपर्यंत मस्त.

आता दोन वेगवेगळ्या मिनिटांची बेरीज, दोन्ही इंडिपेंडंट, म्हणून एमजीएफचा गुणाकार केला: `exp(6(e^t - 1))`. हा सरळ पॉयसन 6 चाच साचा आहे म्हणून तेच डिस्ट्रिब्यूशन, बरोबर ना?

पुढच्या भागात प्रत्येक गिऱ्हाईक 2 वडापाव घेतो आणि एकूण वडापाव विचारलेत. मी X + X समजून परत गुणाकारच केला, पॉयसन 6 लिहून मोकळा. मैत्रीण म्हणाली अरे वेड्या, वडापाव कायम समच येणार, 5 कसे विकले जातील? मग `M(2t) = exp(3(e^(2t) - 1))` घेतलं तर मीन 6 पण व्हेरियन्स 12 आला.

म्हणजे X स्वतःशीच इंडिपेंडंट नसतो म्हणून गुणाकार चालत नाही, हेच कारण ना? आणि या 2X ला काही नाव आहे का, की पेपरात नुसतं "पॉयसन नाही, कारण मीन आणि व्हेरियन्स वेगळे" एवढं लिहिलं तरी चालेल?