मदत हवी आहे: मुदत ठेव आणि इंडेक्स फंड मिळून ९ टक्के चढउतार साधायचा आहे

मुलुंडकर: माझ्याकडे २० लाख रुपये आहेत. काही भाग ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत आणि उरलेला निफ्टीच्या इंडेक्स फंडात ठेवून एकूण रकमेचे वार्षिक प्रमाण विचलन, म्हणजे परतावा सरासरीपासून किती वरखाली होतो त्याचे माप, ९ टक्क्यांच्या आसपास राहावे, असा माझा प्रयत्न आहे. फंडाच्या मासिक परताव्यांचे विचलन ५.२ टक्के आले. त्याला १२ ने गुणून मी ६२.४ टक्के धरले, तेव्हा भांडवल वाटप रेषेवर, म्हणजे ठेव आणि फंडाच्या वेगवेगळ्या मिश्रणांची जोखीम आणि परतावा दाखवणाऱ्या रेषेवर, फंडाचा वाटा जेमतेम १४ टक्के निघाला. हे मला पटत नाही. चूक कुठे झाली असेल?

दादरकर: दोन मालमत्ता एकत्र आल्या की त्यांच्यातला सहसंबंध धरावा लागतो. तो तुम्ही घेतलेला दिसत नाही.

विलेपार्ले: दोन्ही मालमत्ता जोखमीच्या असत्या, तर दादरकरांचे म्हणणे लागू झाले असते. ठेवीचा परतावा मुदतीपर्यंत ठरलेला असल्यामुळे तिचे विचलन शून्य धरतात आणि सहसंबंधाचे पदच गळून पडते. म्हणूनच ही रेषा सरळ येते. चूक १२ ने गुणण्यात आहे. वर्षभरात विचलन महिन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून ५.२ ला सुमारे ३.४६ ने गुणावे. १८ टक्के येतात. ९ भागिले १८, म्हणजे निम्मे: १० लाख फंडात, १० लाख ठेवीत. फंडाकडून १२ टक्क्यांची अपेक्षा धरली, तर मिश्रणाचा अपेक्षित परतावा ९.५ टक्के होतो. मात्र ही १२ टक्क्यांची अपेक्षा किंवा ठेवीचा दर बदलला, तरी निम्मा वाटा बदलत नाही. बदलतो तो फक्त रेषेचा चढ.

बोरिवलीकर: मी कर्ज काढून फंडात पैसे घातले होते. मलाही हीच रेषा पुढे वाढवता येईल का?

विलेपार्ले: येईल, पण ती तिथे मोडते. कर्ज १०.५ टक्क्यांचे असेल, तर जोखमीच्या प्रत्येक टक्क्यामागे मिळणारा जादा परतावा ०.२८ वरून ०.०८ वर येतो. मूळ प्रश्नाबाबत आणखी एक गोष्ट: बाजार वर्षात २० टक्के चढला, तर फंड १२ लाख आणि ठेव १०.७ लाख होऊन विचलन ९.५ टक्क्यांवर जाईल. त्या वेळी वाटा परत निम्म्यावर आणायचा असेल, तर फंडातले सुमारे ६५ हजार ठेवीकडे वळवावे लागतील. बाजार पडला, तर उलट ठेव मोडावी लागते आणि त्यावर सहसा दंड बसतो, म्हणून एकच मोठी ठेव न करता लहान लहान ठेवी कराव्यात. ठेव विमा एका बँकेत ५ लाखांपर्यंतच असल्यामुळे, त्यापलीकडची रक्कम वेगळ्या बँकेत ठेवली तरच तिला जोखीममुक्त म्हणता येईल.

मुलुंडकर: मनापासून आभार. एक शंका उरते: ५.२ टक्क्यांचा आकडा काढताना २०२० च्या मार्चमधली पडझड धरली, तर तो वाढतो आणि वगळली, तर घटतो. कोणता घ्यावा?

विलेपार्ले: मी ती धरतो, म्हणजे फंडाचा वाटा थोडा कमी निघतो. काही जण अलीकडच्या महिन्यांना जास्त वजन देतात. त्यांचा वाटा शांत बाजारात फुगतो, आणि मला नेमके तेच नको वाटते. पण यावर एकमत नाही.