मदत हवी आहे: एकाच इंग्रजी शब्दाचे दोन उलटे अर्थ, उदाहरणवाक्यं कशी लिहावीत?

शाळेची_वही

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाई तालुक्यात नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. आम्ही वर्गात कॉन्ट्रोनिम गोळा करतोय, म्हणजे स्वतःच्याच विरुद्ध अर्थाचे शब्द. मुलांनी सँक्शन, डस्ट, रेंट, लेफ्ट, क्लीव्ह आणले. प्रत्येक अर्थाला एक वाक्य लिहायचं ठरलंय आणि घोडं तिथंच अडलंय. एका मुलानं लिहिलं, 'माय अंकल रेंटेड अ हाउस इन लातूर.' आता काका घरमालक की भाडेकरू? दुसरीचं वाक्य, 'द बोर्ड सँक्शन्ड द क्लब.' क्लबला मान्यता मिळाली की शिक्षा झाली, हे मलाही सांगता येईना. वाक्य वाचताक्षणी एकच अर्थ लागावा, यासाठी काय करावं? आणि क्लीव्ह यादीत ठेवू का?

तयारी_चालू

मॅडम, मी संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. लेफ्ट एकदम सोपा: 'ऑल द बॉइज लेफ्ट ॲट फाइव्ह' म्हणजे गेले, 'ओन्ली टू बॉइज आर लेफ्ट' म्हणजे उरले. लाइट पण घ्या की, हलका आणि उजेड. दोन अर्थ असलेले असे पुष्कळ शब्द आहेत.

नांदेडचे_सर

लेफ्टची वाक्यं छान आहेत, जशीच्या तशी घ्या. लाइट मात्र चालणार नाही. हलक्याच्या उलट जड आणि उजेडाच्या उलट अंधार. हलका आणि उजेड एकमेकांच्या उलट नाहीत. एकाच प्रश्नाला एका अर्थानं 'हो' आणि दुसऱ्या अर्थानं 'नाही' असं उत्तर आलं पाहिजे. पोरं अजून इथं आहेत का? घर काकांचं आहे का? ही कसोटी मुलांच्या हाती द्या.

आता वाक्यांचं. अर्थ शब्दात शोधू नका, त्याच्या शेजारी काय बसवलंय ते पाहा. 'रेंटेड अ हाउस टू अ टीचर' म्हटलं की काका मालक, 'फ्रॉम अ टीचर' म्हटलं की भाडेकरू. सँक्शनचं कर्म बघायचं. कर्ज, रजा, रस्ता अशी गोष्ट असेल तर मंजुरी: 'द बँक सँक्शन्ड हिज क्रॉप लोन इन जून.' माणूस, संघ किंवा देश असेल तर बहुधा शिक्षा, आणि तिथं कारण जोडा: 'द बोर्ड सँक्शन्ड द प्लेयर फॉर हिटिंग द अंपायर.' क्लबचं वाक्य म्हणूनच लटकलं. क्लबला मान्यताही देता येते आणि दंडही करता येतो. नाम अनेकवचनी आलं, 'सँक्शन्स', तर बातम्यांत ते जवळपास नेहमी निर्बंधच असतात.

दुकान_जालना

आमचं खतं-औषधांचं दुकान आहे. डस्टचं वाक्य मी देतो. कडवंचीकडच्या द्राक्षबागांत भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी करतात. सकाळी दव असताना अन् वारा पडलेला असताना करायची, म्हणजे भुकटी पानाला धरते. भर उन्हात केली तर पानं करपतात. मग असं लिहा: 'ही डस्टेड द वाइन्स विथ सल्फर.' अन् घरातलं: 'शी डस्टेड द शेल्फ विथ अ ड्राय क्लॉथ.' बरोबर आहे का, सर?

नांदेडचे_सर

अगदी बरोबर. आणि गंमत बघा, दोन्हीकडे 'विथ' आहे, तरी गोंधळ होत नाही. पहिल्यात 'विथ'नंतर भुकटी आहे, दुसऱ्यात फडकं. इथं अर्थ त्या वस्तूनं ठरवला.

आई_परभणी

माझ्या मुलीची स्कॉलरशिपची परीक्षा आहे. विरुद्धार्थी शब्दांची यादी कुणी टाकेल का? बिग-स्मॉल वगैरे.

शाळेची_वही

ताई, हे जरा वेगळं चाललंय, पण माझ्याकडे अशी यादी आहे. निरोपातून पाठवते.

नांदेडचे_सर

क्लीव्हबद्दल. जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती, चिरण्याचं क्लेओफन आणि चिकटून राहण्याचं क्लिफियन. पुढं उच्चार नि स्पेलिंग एक झालं. खूण अजून दिसते: चिकटण्याच्या अर्थाला 'टू' लागतो, 'द चाइल्ड क्लीव्ह्ड टू हर मदर', चिरण्याच्या अर्थाला थेट कर्म, 'द ॲक्स क्लीव्ह्ड द लॉग.' गाईच्या दुभंगलेल्या खुराला 'क्लोव्हन' म्हणतात, ते रूप फक्त चिरण्याचं आहे. माझ्या मते याला वेगळ्या पानावर ठेवा. सँक्शन हा मुळात एकच शब्द दोन दिशांना गेलेला आहे, हा तसा नाही.

तयारी_चालू

लाइटचं पटलं सर. हे नाही पटलं. आज स्पेलिंग एक, उच्चार एक, अर्थ उलटे. मुलांनी हजार वर्षांपूर्वीचं का बघायचं? बहुतेक याद्यांत क्लीव्ह असतोच.

नांदेडचे_सर

याद्यांत असतो, खरं आहे. पण मग एक शब्द कशाला म्हणायचं, हे आधी मॅडमनी ठरवावं लागेल.

शाळेची_वही

वर्गात दोन्ही बाजू मांडते, मुलं काय म्हणतात बघू. रेंट आणि सँक्शनची वाक्यं आज बदलून घेतली. आता एका मुलीनं 'सीडेड ग्रेप्स' आणलंय. शब्दकोशात बिया असलेली आणि बिया काढलेली, असे दोन्ही अर्थ सापडले. दुकानवाले दादा, तुमच्याकडे काय म्हणतात?

दुकान_जालना

आमच्याकडं सीडेड म्हणजे बीवालीच. बिनबियांच्या मालाला सीडलेस म्हणतात. बिया काढलेली द्राक्षं कुणी विकताना मी तरी पाहिली नाहीत. दुसऱ्या अर्थाचं वाक्य सरांनाच विचारा.