मदत हवी आहे: रोस्टचा खेळ मध्येच थांबवायचा कसा?

शनिवारी मित्राच्या निरोपाच्या पार्टीत रोस्ट ठेवतोय. बाराजण आहोत, दोघं ग्रुपमध्ये नवीन. चिठ्ठ्या काढून जोड्या, प्रत्येकाला दीड मिनिट, आणि ज्याची खेचली त्याला लगेच परतफेडीची संधी. रंग, वजन, जात, पगार, लग्न हे विषय बाद. शिवाय ज्याला जो विषय नको, तो त्याने मला आधीच खाजगीत कळवलाय. व्हिडिओ नाही, पिणं खेळानंतर.

अडचण वेगळीच आहे. सरावाच्या फेरीत एकीला उच्चारांवरून बोललेलं लागलं, पण सगळे हसतायत म्हणून तीही हसत राहिली. ‘थांब’ म्हणायची मुभा होती, पण म्हटलं असतं तर सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच गेल्या असत्या. मग सूत्रधाराने नेमकं काय बघून थांबवावं? आणि कोणाला लागलंय हे उघड न होता फेरी पुढे कशी सरकवायची?