मदत हवी आहे: विमानात हरवलेल्या सामानाची तक्रार इंग्रजीत करून हवी

सातपूरकर: आईबाबांची बॅग विमान कंपनीने हरवली. बाबांनी दोन पानी तक्रार मराठीत लिहिलीय, वस्तूंच्या यादीसकट. कुणी इंग्रजीत करून देईल का? मुदत संपत आलीय, प्लीज लवकर.

गंगापूर_रोड: कुठून कुठे गेले होते? ओझरला उतरले की मुंबईला? सामान मिळालं नाही याची विमानतळावरची नोंद, म्हणजे पीआयआर, केला का?

निवांत_नाना: घाबरू नका हो, २१ दिवस मिळतात. आमच्या वेळी तसंच होतं.

सातपूरकर: दुबई ते मुंबई. पीआयआर विमानतळावरच केला. बॅग परवा घरी आणून दिली, पण चेन उसवलेली. आईची पैठणी आणि नवा मिक्सर गायब.

अडगावची_मीना: अहो, हे आधी सांगायचं ना! बॅग मिळाली, आतलं सामान गेलं. ही तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी जायला हवी. तुमच्या पीआयआरमध्ये फक्त ‘बॅग आली नाही’ असं असणार, त्यात पैठणीचा उल्लेखच नाही. विषयात पीआयआर नंबर आणि ‘मिसिंग कंटेंट्स’ लिहा.

निवांत_नाना: बॅग उशिरा आली ना? मग २१च.

अडगावची_मीना: नाना, २१ दिवस उशिरामुळे झालेल्या खर्चासाठी. दोन दिवस कपडे विकत घ्यावे लागले, तर तो खर्च त्यात. आतल्या वस्तू गेल्या तर ते नुकसानीत मोडतं. १९८० मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हाऊस ऑफ लॉर्ड्सने, विमानप्रवासाच्या जुन्या वॉर्सा कराराखाली हेच ठरवलं होतं: प्रवाशाने फाटलेल्या बॅगेची तक्रार लगेच केली, गायब वस्तूंची उशिरा, आणि हरला.

कॉलेज_रोडचा_बंड्या: सोनं होतं का? चेक-इनमध्ये सोनं ठेवलं तर कंपनी हात वर करते. माझ्या मावशीचं झालंय.

सातपूरकर: सोनं नव्हतं. बाबांनी मनस्तापाचे पाच लाख मागितलेत, तेही लिहू?

अडगावची_मीना: ते काढा. आताच्या माँट्रियल करारानुसार एका प्रवाशाला सामानासाठी कमाल १५१९ एसडीआर (२८ डिसेंबर २०२४ पासून), आणि तेही खरं नुकसान दाखवून. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. यादी वस्तूवार करा. ‘महागडी साडी’ नको. ‘रेशमी पैठणी, जांभळी, येवल्याहून, २०२२, किंमत अमुक, बिल जोडलंय’ असं. टॅगच्या पावतीवर वजन असेल तर बॅग आत्ता आहे तशी काट्यावर ठेवा. फरक पडला तर फोटो जोडा. चेन दुरुस्त करू नका.

सातपूरकर: वजन २३ होतं, आता १७.५ भरतंय! मिक्सरचं बिल आहे, पैठणीचं नाही.

गंगापूर_रोड: मग दुकानदाराकडून डुप्लिकेट मागा. नाही मिळालं तर लग्नातला फोटो आणि बँकेची नोंद. कंपनी मानेलच असं नाही.

अडगावची_मीना: बाबांचा मजकूर इथे टाका, पीएनआर आणि फोन नंबर झाकून. आज रात्री इंग्रजी करून देते. पोहोच येईल अशा ईमेलवरच पाठवा.

निवांत_नाना: तरी मला २१च वाटतं.

कॉलेज_रोडचा_बंड्या: येताना कसाऱ्याला ट्रॅफिक लागलं का हो?