पायथनचा वर्ग: आठ शनिवारांचा आराखडा

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरपासून शनिवारी सकाळी १० ते १२ लायब्ररीची खोली मिळते आहे, आठ आठवडे. नावं आली आहेत ती अशी: बँकेत काउंटरवर काम करणाऱ्या दोघी, एक फार्मासिस्ट, केटरिंग करणारे एकजण आणि एक मेकॅनिकल इंजिनिअर. सगळ्यांना कामाचं क्षेत्र बदलायचं आहे, प्रोग्रॅम मात्र कोणीच कधी लिहिलेला नाही. अश्विनी, तू संध्याकाळच्या कॉलेजात मोठ्या माणसांना शिकवतेस, तर आराखडा तूच टाक.
– मेधा

प्रेषक: सुधीर

मेधाताई,
माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर पायथन स्वतः बसवावं. ते ब्राउझरमधलं नोटबुक नको. त्यात वरचा डबा पुसून टाकला तरी त्यातली किंमत आत तशीच राहते, मग घरी चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी बंद! आणि दुसऱ्या आठवड्यापासून क्लास आणि ऑब्जेक्ट सुरू करा. आम्ही जावा तसंच शिकलो.
– सुधीर

प्रेषक: निरंजन

माझी मुलगी सातवीत आहे, तिला स्क्रॅच येतं. तिला या वर्गात चालेल का? फी किती?

प्रेषक: मेधा

निरंजन, हा मोठ्यांसाठी आहे. मुलांचं जानेवारीत बघू.

प्रेषक: अश्विनी

मेधाताई, काका, मंडळी,
आधी एक ठरवू या, एखाद्याचा आठवड्याचा प्रोग्रॅम जमला हे कशावरून म्हणायचं? "चालतोय" असा स्क्रीनशॉट पुरेसा मानला तर चौथ्या आठवड्यापर्यंत निम्मा वर्ग कुठून तरी कोड आणून चिकटवत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. म्हणून माझी तपासणी वेगळी असते. शनिवारी आल्या आल्या पहिली वीस मिनिटं प्रत्येकाने स्वतःच्याच प्रोग्रॅममधला एक नियम बदलायचा. नियम मी तिथेच सांगते. स्वतः लिहिलेला असला तर कुठे हात घालायचा ते माहीत असतं.

प्रोग्रॅम सगळे एकाच विषयाभोवती ठेवू, आपल्या गणपतीच्या जेवणाची नोंदणी. पहिल्या आठवड्यात माणसं किती ते विचारून १८ डॉलरच्या दराने रक्कम सांगायची. इथेच पहिली गंमत होते. `input()` जे देतं तो आकडा नसून मजकूर असतो. त्यामुळे 3 टाइप केलं की ५४ ऐवजी अठरा वेळा 3 छापून येतो. चूक दाखवणारी लाल ओळ कुठेच नाही! `int()` का लागतं हे नंतर कोणी विसरत नाही.

दुसऱ्या आठवड्यात वयानुसार दर: बारा वर्षांखालच्यांना १०, बाकीच्यांना १८. तपासणीत मी म्हणते, आता पाच वर्षांखाली फुकट करा. बरेच जण हे लिहितात:

```python
if vay < 12:
    dar = 10
elif vay < 5:
    dar = 0
else:
    dar = 18
```

प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो आणि चार वर्षांच्या पोराचे १० डॉलर घेतो. चार हे बारापेक्षा कमी, म्हणून पहिल्याच अटीत अडकलं, दुसरी अट कधी तपासलीच गेली नाही. त्यामुळे नियम असा: रन करण्याआधी कागदावर ४, ५, ११ आणि १२ या वयांची उत्तरं लिहायची, मग प्रोग्रॅमशी ताडून बघायची. सीमेवरचे आकडेच चोर पकडून देतात. बँकेतल्या दोघींना हे पटकन कळेल, रोजचा हिशेब टॅली करण्यातच त्यांचा दिवस जातो.

तिसऱ्यात यादी आणि लूप, म्हणजे सगळ्या कुटुंबांची बेरीज. चौथ्यात नवं फार काही नाही. दराचा भाग फंक्शनमध्ये काढायचा आणि मोठी तपासणी: कोरी फाइल, चाळीस मिनिटं, वही चालेल, जुना कोड नाही. ज्याला जमणार नाही त्याने पाचव्या शनिवारी पुढे न जाता मागच्या टेबलावर माझ्यासोबत बसायचं. पाचव्या-सहाव्यात डिक्शनरी आणि फाइल वाचणं. त्यासाठी मेधाताई, मागच्या वर्षीची तुमची खरी शीट द्या, नावं आणि फोन काढून. त्यात "माणसं" या रकान्यात कुठे "4", कुठे "2 मोठे 1 लहान", कुठे रिकामं असणार, आणि `int()` तिथे `ValueError` देणार. तो संदेश तळापासून वर वाचायचा सराव याच आठवड्यात. गंमत म्हणजे कोणी देवनागरीत ४ लिहिला असेल तर तो पायथनला चालतो.

काका, नोटबुकबद्दल तुमचं अगदी बरोबर. पण पहिल्या दिवशी पायथन बसवायला लावलं तर विंडोजवर कोणाचा PATH चुकतो, कोणाला `python` लिहिल्यावर मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडतं, आणि दोन तास तिथेच जातात. मी थॉनी हे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर वापरीन. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेलं, त्याच्यासोबत पायथन आपोआप येतं आणि प्रत्येक ओळीनंतर कुठल्या नावात काय आहे ते शेजारी दिसतं. क्लास आणि ऑब्जेक्ट मात्र आठ आठवड्यांत नको.
– अश्विनी

प्रेषक: रोहिणी

अश्विनीताई,
फार्मासिस्ट म्हणून नाव दिलेली ती मीच. पुण्यात सहा वर्षं काम केलं, इथे अमेरिकेत एच-४ व्हिसावर आले आणि आत्ता कुठे कामाची परवानगी हातात आली. मला औषधांच्या डेटाकडे जायचं आहे. जेवणाच्या नोंदणीने माझं काय होणार, असं मनात आलं, राग मानू नका. शेवटचे दोन आठवडे स्वतःचं काही करता येईल का? ओळखीच्या दुकानातून रुग्णांची यादी मिळू शकेल.
– रोहिणी

प्रेषक: अश्विनी

रोहिणी, राग कसला! सातवा-आठवा आठवडा त्यासाठीच आहे. पण रुग्णांची यादी अजिबात आणू नकोस, नावं खोडूनही नाही. एफडीएची औषधांच्या कोडची एनडीसी डिरेक्टरी सगळ्यांना खुली आहे, ती उतरवून घे. त्यात पॅकेजचा कोड दहा अंकी असतो, ४-४-२, ५-३-२ किंवा ५-४-१ अशा तीन तुकड्यांत. बिलासाठी मात्र अकरा अंक लागतात, आणि शून्य कुठे घालायचं ते कुठला तुकडा तोकडा आहे त्यावर ठरतं. तुझा प्रोग्रॅम हाच:

```python
a, b, c = ndc.split("-")
print(a.zfill(5) + b.zfill(4) + c.zfill(2))
```

इथे `int()` वापरलंस तर पुढची शून्यं गळून जातील. दिसायला आकडे असले तरी ते मजकूर म्हणूनच ठेवायचे. डॅश नसलेल्या कोडशी एक्सेलही हीच खोडी करतं, म्हणून फाइल आधी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नकोस. तपासणीत मी तुला एखादा डॅश नसलेला कोड देईन. तेव्हा प्रोग्रॅमने काय करावं ते तू ठरव, कारण डॅश गेले की शून्य कुठे जायचं हे कोडवरून सांगताच येत नाही.
– अश्विनी

प्रेषक: सुधीर

थॉनी काल बसवून पाहिलं, ठीक आहे. पण क्लास न शिकवता पायथन शिकवलं म्हणणं मला पटत नाही. मुलाखतीत विचारलं तर? आठव्या आठवड्यात एक तास तरी द्या, तो मी घेतो.
– सुधीर

प्रेषक: मेधा

काका, ते तुम्ही आणि अश्विनी फोनवर ठरवा. शीट मी रविवारपर्यंत साफ करून पाठवते. शेवटी प्रमाणपत्र द्यायचं का, यावर कार्यकारिणीत दोन मतं आहेत. चौथ्या आठवड्याची तपासणी पार न केलेल्यांना द्यायचं की नाही, तेही ठरलेलं नाही. आणि कोणाकडे जादाचा लॅपटॉप आहे का? केटरिंगवाल्या भाऊंकडे फक्त टॅबलेट आहे, त्यावर थॉनी चालणार नाही.
– मेधा