व्हॉक्सेल कोन ट्रेसिंग: भिंतीतून झिरपणारा प्रकाश जास्त मेमरी दिल्याने थांबेल का?

छायाप्रकाश
माझ्या मते, दृश्य व्हॉक्सेल नावाच्या छोट्या घनांत साठवून त्यांतून शंकू सोडत अप्रत्यक्ष प्रकाश मोजणाऱ्या व्हॉक्सेल कोन ट्रेसिंगमधील प्रकाशगळती हा तंत्राचा दोष नसून मेमरीत केलेल्या काटकसरीचा परिणाम आहे. माझे दृश्य २५.६ मीटर बाजूच्या घनात बसते. प्रत्येक बाजूस २५६ व्हॉक्सेल धरले तर एक व्हॉक्सेल १० सेंटिमीटरचा होतो, आणि भिंतीही तेवढ्याच जाड आहेत. बाहेर ऊन असले की आतली बंद खोली उजळते. जाळी ५१२ची केली की हे थांबेल, असे मी मानतो. कोणाला हे अमान्य आहे का?

त्रिमिती
बऱ्याच अंशी अमान्य आहे. अर्धगोलात सहा शंकू सोडताना प्रत्येकाचा कोन साधारण ६० अंश धरतात, म्हणजे `d` अंतरावर त्याचा व्यास `2 * d * tan(30°)` इतका होतो. भिंतीपासून ७० सेंटिमीटरवरून निघालेला शंकू तिच्यापर्यंत पोहोचेतो सुमारे ८० सेंटिमीटर रुंद झालेला असतो, म्हणून तो मूळ जाळी तीनदा निम्मी करून बनलेल्या तिसऱ्या मिप पातळीवरून वाचतो. तिथल्या ८० सेंटिमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये आपली भिंत केवळ एक अष्टमांश जागा व्यापते. मिप साध्या सरासरीने काढले असतील, तर मुळात पूर्ण अपारदर्शक असलेली भिंत तेथे ०.१२५ इतकीच उरते आणि बाहेरचा बहुतेक प्रकाश आत येतो.

आता जाळी ५१२ची करून पाहा. शंकूची रुंदी अंतरावरून ठरते, जाळीवरून नव्हे. त्यामुळे तो चौथ्या पातळीवर वाचेल, तिथला व्हॉक्सेल पुन्हा ८० सेंटिमीटरचा असेल आणि उत्तर पुन्हा ०.१२५ येईल. आठपट मेमरी खर्चूनही ही गळती तसूभर हलणार नाही.

येथे उपयोग होतो तो सहा दिशांसाठी वेगळे मिप ठेवण्याचा. त्या त्या दिशेने पुढचा व्हॉक्सेल मागच्यावर रचायचा आणि मगच अशा चार जोड्यांची सरासरी काढायची. अक्षाला लंब असलेली सलग भिंत मग प्रत्येक पातळीवर अपारदर्शकच राहते.

रात्रपाळी
माझा अनुभव नेमका उलटा आहे. चकचकीत फरशीतील प्रतिबिंब ठोकळ्यांचे दिसत होते. जाळी दुप्पट केल्यावर ते स्पष्ट सुधारले. तेव्हा रिझोल्युशन निरुपयोगी म्हणणे पटत नाही.

त्रिमिती
प्रतिबिंबाचा शंकू अरुंद असतो आणि खालच्या, बारीक पातळ्या वाचतो. तेथे आपले म्हणणे योग्यच आहे, परंतु प्रश्न विखुरलेल्या प्रकाशाचा आहे.

छायाप्रकाश
सहा दिशांचे मिप लावले. गळती बरीच घटली, मात्र पूर्ण गेली नाही, आणि तिरक्या भिंतीशी तर ती ठळक दिसते.

त्रिमिती
तिरकी भिंत कोणत्याही अक्षाला लंब नसल्याने काही जोड्या रिकाम्या राहतात आणि सरासरीत छिद्रे पडतात. यावर पूर्ण उपाय माझ्याकडे नाही. सरळ भिंतीचे कारण वेगळे असावे. ती एकच व्हॉक्सेल जाड असल्याने तिच्या दोन्ही बाजू एकाच रंगात साठतात, आणि बाहेरून पडलेले ऊन आतला शंकू जसेच्या तसे वाचतो. भिंतीची बाहेरची बाजू लाल आणि बाहेरची जमीन हिरवी करून पाहा. खोलीत लाल झाक आली तर रंगाची सरमिसळ आहे. हिरवी आली तर अपारदर्शकता अपुरी पडते आहे. लाल झाक आल्यास मात्र दोन व्हॉक्सेलांची भिंत, म्हणजे आपली ५१२ची जाळी, खरोखर लागेल.

जुना_शेडर
आणि मग बिल येते! प्रति व्हॉक्सेल ४ बाइट धरले तरी २५६ची जाळी ६४ मेगाबाइट घेते, सहा दिशांचे मिप धरून ती ११९च्या आसपास जाते, आणि ५१२ केल्यावर हाच आकडा ९५०वर पोहोचतो. तीव्र उन्हासाठी १६ बिटी रंग घेतले तर त्याच्याही दुप्पट. २०११च्या मूळ शोधनिबंधातील विरळ ऑक्ट्री, म्हणजे घनाचे आठ-आठ भाग करत जाणारे झाड, रिकामी जागा वाचवते हे खरे, पण प्रत्येक नमुन्यासाठी झाडातून खाली उतरावे लागते. अनरिअल इंजिन ४च्या २०१२मधील प्रात्यक्षिकात हे तंत्र होते, आणि इंजिन सर्वांना मिळाले तेव्हा ते वगळलेले होते. हा इशारा पुरेसा आहे. दृश्यमानतेसाठी दृश्यात ठिकठिकाणी ठेवलेले, अंतर साठवणारे प्रोब वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्रिमिती
क्लिपमॅप विसरलात. कॅमेऱ्याभोवती १२८च्या सहा जाळ्या, प्रत्येक पुढचीचा व्हॉक्सेल दुप्पट मोठा, असे ठेवले तर ४८ मेगाबाइटांत सुमारे ४१० मीटर रुंद दृश्य बसते. सर्व पातळ्यांना सहा दिशा दिल्या तरी २८८.

जुना_शेडर
बसते, पण दूरच्या खोलीची भिंत मग व्हॉक्सेलच्या अंशाइतकी पातळ होते आणि कॅमेरा जवळ गेला की तिचा उजेड डोळ्यांदेखत बदलतो. ही गळती मिटवणे नव्हे, दूर ढकलणे आहे.

छायाप्रकाश
लाल झाक आली, हिरवी जवळजवळ नाही. आता जाळी २५६चीच ठेवून, केवळ व्हॉक्सेल भरण्यापुरती बाहेरची भिंत २० सेंटिमीटर जाड करण्याचा विचार आहे.

जुना_शेडर
बाहेरच्या भिंतीला चालेल, कारण ती बाहेरच्या अंगाला वाढवता येते. दोन खोल्यांमधल्या भिंतीचे काय? ती कोणत्याही बाजूला वाढवली तरी त्या बाजूच्या शंकूचा आरंभच भरलेल्या व्हॉक्सेलमध्ये सापडेल आणि तेवढा भाग काळवंडेल. आरंभ आणखी पुढे सरकवला, तर कोपऱ्यात तो शेजारच्या भिंतीपलीकडे निघेल.