मदत हवी आहे: आईच्या गुडघ्याला लावलेल्या टेन्सचा गुण येईनासा झालाय

नमस्कार मंडळी, फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आईचे गुडघे झिजलेत, म्हणून घरीच टेन्स, म्हणजे त्वचेवरून हलका विजेचा करंट देणारं दुखणं कमी करायचं मशीन, लावते. 100 हर्ट्झ, नुसत्या मुंग्या येतील इतकाच करंट, अर्धा तास. सुरुवातीला मशीन चालू असेपर्यंत आई आरामात मांडी घालून बसायची. बंद केलं की थोड्याच वेळात पुन्हा कळ.

हे मेल्झॅक आणि वॉल यांच्या 1965 च्या गेट थिअरीत बसतं. स्पर्शाचे जाड ए-बीटा तंतू मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात बारीक सी तंतूंची वेदना अडवतात; मुंग्या थांबल्या की दार उघडतं. पण रोज लावून आता आठवडाभरात चालू असतानाही फरक पडत नाही. आई म्हणते, "मुंग्या येतात गं, पण दुखणं तिथंच."

म्हणून 4 हर्ट्झवर, स्नायू थडथड उडेल इतक्या करंटवर जावं का? त्यात मेंदूच्या खोडातून खाली येणारी वेदनाशामक वाट जागी होते आणि शरीरातली ओपिऑइड्स म्यू रिसेप्टरवर काम करतात, म्हणून बंद केल्यावरही आराम टिकतो, असं शिकलोय.

अडचण इथेच आहे. आई बरेच महिने रोज ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड गटातलं वेदनाशामक घेते, तेही म्यूवरच काम करतं. रिसेप्टर आधीच सरावले असतील तर 4 हर्ट्झ फुकट जाईल ना? की 100 हर्ट्झच ठेवून करंट सोसेल तितका वाढवू? गोळी मी बदलणार नाही, ते डॉक्टरच ठरवतील. असे पेशंट हाताळलेल्यांनी कृपया सांगा.